'यत्र नार्यस्तु पूज्यन्ते': श्लोकाच्या आधी काय आहे, नंतर काय आहे

'यत्र नार्यस्तु पूज्यन्ते रमन्ते तत्र देवताः.' एवढी ओळ संस्कृत न शिकलेल्या मराठी माणसालाही पाठ असते. महिला दिनाच्या शुभेच्छा, हळदीकुंकवाचं निमंत्रण, शाळेच्या फळ्यावरचा सुविचार, सत्कार समारंभाचं प्रास्ताविक, कुठेही ती चपखल बसते. आपल्याकडे पूर्वापार स्त्रीला देवीचा मान होता असं सांगायचं असलं की पुरावा म्हणून हीच ओळ पुढे येते. उलट, मनुस्मृतीने बायकांवर घातलेली बंधनं ज्यांना ठाऊक आहेत त्यांच्यापैकी काहींना वाटतं की असा श्लोक त्या ग्रंथात असणं शक्यच नाही, कोणीतरी तो मागाहून घुसडला असणार.

दोन्ही बाजूंचं म्हणणं तपासून पाहता येतं. त्यासाठी फार मोठी विद्वत्ता लागत नाही. श्लोकाचा नेमका पत्ता काढायचा आणि त्याच्या आधीचे व नंतरचे दहा-दहा श्लोक सलग वाचायचे. तेवढंच इथे करू.

पहिली गोष्ट म्हणजे आपण म्हणतो तो अर्धाच श्लोक आहे. पूर्ण श्लोक असा:

यत्र नार्यस्तु पूज्यन्ते रमन्ते तत्र देवताः ।
यत्रैतास्तु न पूज्यन्ते सर्वास्तत्राफलाः क्रियाः ॥

जिथे स्त्रियांचा सन्मान होतो तिथे देवता रमतात. जिथे यांचा सन्मान होत नाही तिथली सगळी कर्मं निष्फळ होतात. दुसऱ्या ओळीतल्या 'क्रियाः' म्हणजे कुठलीही कामं नव्हेत. यज्ञ, होम, श्राद्ध अशी धार्मिक कर्मं. ही ओळ गाळली की श्लोक निव्वळ स्त्रीस्तुतीसारखा ऐकू येतो. ती जोडली की लक्षात येतं, यात कोणाला तरी बजावलं जात आहे: एवढा खर्च करून होमहवन कराल आणि त्याचं फळ मात्र हाती लागणार नाही.

फिरणाऱ्या संदेशांत ही ओळ पुष्कळदा चुकलेली असते. 'यत्र नारी पूज्यन्ते' किंवा 'यत्र नार्यस्तु पूज्यन्ते तत्र रमन्ते देवताः' असे पाठ दिसतात. हे चूक आहेत हे छंदावरूनच कळतं. अनुष्टुभाच्या प्रत्येक चरणात आठ अक्षरं लागतात. 'यत्र नारी पूज्यन्ते' यात सातच भरतात, शिवाय कर्ता एकवचनी आणि क्रियापद अनेकवचनी होतं. 'तत्र रमन्ते देवताः' यात अक्षरं आठ भरतात खरी, पण अनुष्टुभात चरणाचं पाचवं अक्षर लघु असावं लागतं आणि इथे पाचव्या जागी 'ते' हा गुरू येतो. 'रमन्ते तत्र देवताः' म्हटलं की पाचव्या जागी 'त्र' येतो, तो लघु आहे. पाठ शंकास्पद वाटला तर ही बोटांवर करायची तपासणी बरीच उपयोगी पडते.

आता पत्ता. हा श्लोक वेदांतला किंवा उपनिषदांतला नाही, कधी कधी सांगतात तसा चाणक्याचाही नाही. तो मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातला ५६ वा श्लोक आहे. मनुस्मृतीचे अध्याय बारा, श्लोक साधारण २,७००. वेगवेगळ्या छापील आवृत्त्यांत क्रमांक एक-दोनने पुढेमागे होतात, म्हणून त्या जागी सापडला नाही तर आजूबाजूला पाहावं. आपल्याकडे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी १८८६ साली मुंबईत मनुस्मृती छापली. तिच्यात मूळ श्लोकाबरोबर मेधातिथी, कुल्लूक आणि इतर अनेक टीकाकारांच्या टीका एकत्र वाचायला मिळतात. एकच श्लोक वेगवेगळ्या शतकांतल्या पंडितांना कसा दिसला हे पाहण्यासाठी अशी आवृत्ती फार सोयीची.

घुसडल्याचा संशय मात्र टिकत नाही. पॅट्रिक ऑलिव्हेल यांनी पन्नासहून अधिक हस्तलिखितं ताडून २००५ साली मनुस्मृतीची चिकित्सित आवृत्ती काढली. तिच्यात हा श्लोक मूळ पाठात, आपल्या जागी आहे. कोणालाही तो आवडो न आवडो, मनुस्मृतीची संहिता म्हणून जी आपल्यापर्यंत पोचली आहे तिचा तो भाग आहे. पुढे येणाऱ्या बंधनांच्या श्लोकांबद्दलही हेच म्हणावं लागेल. आपल्याला न पटणारे तेवढे श्लोक 'प्रक्षिप्त' ठरवायचे आणि पटणारे 'मूळ', ही सोय दोन्ही बाजूंच्या लोकांनी वापरली आहे. हस्तलिखितं ती सोय कोणालाच देत नाहीत.

तिसरा अध्याय सुरू होतो तो शिक्षण संपवून घरी परतलेल्या तरुणापासून. त्याने कशी मुलगी करावी, कोणती घराणी टाळावीत, कोणत्या वर्णातली करावी, विवाहाचे आठ प्रकार कोणते, हे सांगून झाल्यावर ५१ व्या श्लोकात वेगळाच विषय निघतो, मुलीच्या बापाने पैसे घेण्याचा.

'शहाण्या बापाने मुलीबद्दल अणुमात्रही शुल्क घेऊ नये. लोभाने शुल्क घेणारा माणूस अपत्य विकणारा ठरतो,' असं ५१ वा श्लोक म्हणतो. मूळ शब्द 'अपत्यविक्रयी' असा आहे. हे शुल्क म्हणजे आजचा हुंडा नव्हे. हुंडा मुलीकडून मुलाकडे जातो. शुल्क मुलाकडून मुलीच्या बापाकडे येतं. मराठीत याला देज म्हणत. देज घेऊन मुलगी देण्याची रीत कित्येक समाजांत होती, आणि ज्याच्याकडे पैसा जास्त त्याच्या पदरात मुलगी, मग तो कितीही वयस्कर का असेना, असा त्याचा शेवट होई.

५२ वा श्लोक तर आजही जसाच्या तसा वाचावा असा आहे. जे बांधव मोहाने स्त्रीधनावर, तिच्या वाहनांवर, तिच्या वस्त्रांवर उपजीविका करतात ते पापी अधोगतीला जातात. बांधव म्हणजे कोणी परके नव्हेत. टीकाकार इथे नवरा, बाप अशी घरातलीच माणसं धरतात.

मग ५३ व्या श्लोकात ग्रंथकार स्वतःच्याच यादीशी वाद घालतो. आठ विवाहांत 'आर्ष' नावाचा एक प्रकार याच अध्यायात मान्य केलेला आहे (३.२९). त्यात मुलीचा बाप वराकडून गाय-बैलाची एक किंवा दोन जोड्या घेतो. ५३ म्हणतो, काही जण त्या जोडीला शुल्क म्हणतात, ते खोटं आहे. थोडं घेतलं काय आणि फार घेतलं काय, विक्री ती विक्रीच. आणि ५४: ज्या मुलींबद्दल नातेवाईक स्वतःसाठी शुल्क ठेवून घेत नाहीत तिथे ती विक्री होत नाही, ते त्या कुमारींचं 'अर्हण' असतं, त्यांच्याविषयीचा सन्मान आणि दयाभाव. वराकडून जे येईल ते मुलीलाच मिळालं तर ठीक, बापाने खिशात घातलं तर मुलगी विकली, असा हा हिशेब आहे.

ही रीत त्या काळी खरोखर चालू होती हे मनुस्मृतीतच दुसरीकडे दिसतं. आठव्या अध्यायात (८.२०४) एक तरतूद आहे: एक मुलगी दाखवून लग्नात दुसरीच दिली, तर त्या वराने एकाच शुल्कात दोघींशीही विवाह करावा. एकीकडे शुल्क म्हणजे अपत्यविक्री, आणि दुसरीकडे शुल्काच्या व्यवहारात फसवणूक झाली तर भरपाई कशी करायची याचा नियम. या दुसऱ्या नियमात त्या दोन मुलींना कोणी काही विचारलेलं नाही, हे वाचताना बोचतं. पण नियमच असा आहे म्हणजे असे व्यवहार होत होते, एवढं नक्की.

'यत्र नार्यस्तु' हा श्लोक या चर्चेच्या पाठीवर येतो. मुलीच्या नावाने पैसा घ्यायचा नाही, मग तिच्या बाबतीत करायचं काय? ५५ वा श्लोक उत्तर देतो:

पितृभिर्भ्रातृभिश्चैताः पतिभिर्देवरैस्तथा ।
पूज्या भूषयितव्याश्च बहुकल्याणमीप्सुभिः ॥

पुष्कळ कल्याण इच्छिणाऱ्या बापांनी, भावांनी, नवऱ्यांनी आणि दिरांनी यांचा सन्मान करावा, यांना दागिने घालावेत. सांगितलं कोणाला आहे ते इथे स्पष्ट होतं: घरातल्या चार पुरुषांना. 'यांचा' म्हणजे कोणाचा, तेही स्पष्ट आहे: त्यांच्या मुली, बहिणी, बायका, भावजया. आणि का करायचा, तर कल्याण हवं म्हणून. कल्याण कोणाचं? ते इच्छिणाऱ्यांचं. कुल्लूकभट्ट याचा धागा मागच्या श्लोकांशी नेमका जुळवून देतो. त्याच्या म्हणण्याचा आशय असा: लग्नाच्या वेळी वराने दिलेलं धन मुलीला द्यावं एवढ्याने भागत नाही, त्यानंतरही बाप वगैरेंनी तिला खाऊपिऊ घालून, वस्त्रं-दागिने देऊन मानाने वागवावं.

नियम खरा इथे आहे, ५५ मध्ये. आपला प्रसिद्ध ५६ वा श्लोक नियम सांगतच नाही. जुन्या मीमांसकांनी शास्त्रवाक्यांचे प्रकार पाडले आहेत. 'असं करावं' हे सांगणारं वाक्य म्हणजे विधी. त्या विधीकडे माणसाचं मन वळावं म्हणून त्याची स्तुती करणारं, किंवा तो न पाळण्याची निंदा करणारं वाक्य म्हणजे अर्थवाद. ५५ मधलं 'पूज्या भूषयितव्याश्च' हा विधी. ५६ मधलं देवांचं रमणं ही स्तुती आणि कर्मं निष्फळ होणं ही निंदा, म्हणजे अर्थवाद. शतकानुशतकं पंडित हा श्लोक असाच वाचत आले. आपण मात्र विधी टाकून अर्थवाद उचलला, आणि त्यातलाही स्तुतीचा अर्धा भाग. त्यामुळे 'कोणी करावं' आणि 'काय करावं' या दोन्ही गोष्टी मागे राहिल्या. कुल्लूक 'यत्र' या शब्दाचा अर्थ 'ज्या कुळात' असा करतो. देशात, समाजात, संस्कृतीत असा नाही. विषय घराच्या उंबऱ्याच्या आतला आहे.

पुढे वाचत राहू. ५७ वा श्लोक: जिथे 'जामि' शोक करतात ते कुळ लवकर नाश पावतं, जिथे त्या शोक करत नाहीत ते नेहमी भरभराटतं. जामि म्हणजे बहीण, आणि त्याबरोबर घरच्या लेकीसुना. ५८ वा याहून कडक: सन्मान न मिळालेल्या जामि ज्या घरांना शाप देतात ती घरं करणी केल्यासारखी सर्व बाजूंनी नष्ट होतात. मला हे दोन श्लोक ५६ पेक्षा जास्त महत्त्वाचे वाटतात. यांत घरातल्या बाईच्या दुःखाची दखल आहे. तिच्या तळतळाटाने घर बसतं ही भावना आपल्याकडे आजही जिवंत आहे, आणि दोन हजार वर्षांमागच्या पुरुषांनाही तिची धास्ती होती हे इथे उघड दिसतं. पण महिला दिनाच्या संदेशात ५७ आणि ५८ कोणी छापत नाही.

५९ व्या श्लोकात पुन्हा विधी येतो, आणि 'पूजा' म्हणजे काय ते ग्रंथकार स्वतःच सांगून टाकतो:

तस्मादेताः सदा पूज्या भूषणाच्छादनाशनैः ।
भूतिकामैर्नरैर्नित्यं सत्कारेषूत्सवेषु च ॥

म्हणून वैभवाची इच्छा असलेल्या पुरुषांनी सणसमारंभात, उत्सवात यांचा नेहमी दागिने, वस्त्रं आणि अन्न देऊन सन्मान करावा. देव्हाऱ्यात बसवून आरती ओवाळायची ही पूजा नव्हे. सणाला साडी, अंगावर दागिना, ताटात पोटभर अन्न. यात हसण्यासारखं काही नाही. सुनेला उरलंसुरलं वाढणाऱ्या घरांत या नियमाचं वजन किती असेल हे ज्याचं त्याने ताडावं. पण हे मत, हक्क, शिक्षण, निर्णयाचा अधिकार यांच्याविषयी नाही, हेही तितकंच स्पष्ट आहे.

यानंतर नवरा बायकोवर आणि बायको नवऱ्यावर संतुष्ट असेल त्या कुळात कल्याण नक्की, असा सुंदर ६० वा श्लोक येतो. मग ६१ व्यात या साऱ्याचं कारण निघतं. स्त्री नटलेली, प्रसन्न नसेल तर ती पुरुषाला आनंद देऊ शकणार नाही, आणि पुरुषाला आनंद नसेल तर संतती होणार नाही. नवव्या अध्यायातही (९.२६) स्त्रियांना 'पूजार्हा गृहदीप्तयः', पूजेस पात्र अशा घराच्या ज्योती, म्हटलं आहे, त्याच श्लोकाचा पहिला शब्द 'प्रजनार्थम्' आहे, संततीसाठी. स्त्रीचा मान आणि घराण्याचा वंश या ग्रंथात एकमेकांना घट्ट बांधलेले आहेत. ६७ व्या श्लोकापासून घरातला विवाहाग्नी आणि रोजचे पंचमहायज्ञ यांचा विषय लागतो. ५६ व्या श्लोकात देवता आणि क्रिया का आल्या तेही इथे उलगडतं. गृहस्थाचे यज्ञ लग्नाच्या अग्नीवर चालतात. तो अग्नी ज्या घरात आहे त्या घरातली बाई कष्टी असेल तर तिथल्या आहुतीला देव येणार नाहीत, असं ते सांगणं आहे.

मग 'नार्यः' म्हणजे सगळ्याच स्त्रिया का? याचं उत्तर शोधायला त्याच अध्यायात थोडं मागे जावं लागतं. १८ वा श्लोक ब्राह्मणाच्या शूद्र पत्नीबद्दल आहे. ज्याची देवकार्यं, पितृकार्यं आणि अतिथिकार्यं अशा पत्नीच्या प्रमुखपणाखाली होतात, त्याचं अन्न पितर आणि देव खात नाहीत, आणि तो स्वर्गाला जात नाही. हा श्लोक आणि ५६ वा श्लोक शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे घरातली पत्नी आहे, दोन्हीकडे देव आहेत, दोन्हीकडे कर्मं आहेत. एका ठिकाणी बाईच्या सन्मानाने देव रमतात, दुसऱ्या ठिकाणी ती शूद्र आहे म्हणून तिच्या पुढाकाराने केलेलं अन्नही देव शिवत नाहीत. दोघांमध्ये अंतर फक्त अडतीस श्लोकांचं. 'यत्र नार्यस्तु' म्हणताना ज्या बायका श्लोककर्त्याच्या डोळ्यांसमोर नव्हत्या, त्या महाराष्ट्रात बहुसंख्य आहेत. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली तेव्हाचा राग समजून घ्यायचा असेल तर हा १८ वा श्लोक माहीत असायला हवा.

आता वादातला नेहमीचा मुद्दा. कोणी 'यत्र नार्यस्तु' म्हटलं की समोरचा 'न स्त्री स्वातन्त्र्यमर्हति' म्हणतो. तो तर श्लोकाचा एकच चरण आहे, नवव्या अध्यायातल्या तिसऱ्या श्लोकाचा शेवटचा: बालपणी बाप रक्षण करतो, तारुण्यात नवरा रक्षण करतो, म्हातारपणी मुलगे रक्षण करतात, स्त्री स्वातंत्र्याला पात्र नाही. यावर असं उत्तर दिलं जातं की हा बंधनाचा नाही, संरक्षणाचा श्लोक आहे. पण तपासणीची रीत इथेही तीच: आधीचा श्लोक वाचायचा. ९.२ म्हणतो, 'अस्वतन्त्राः स्त्रियः कार्याः पुरुषैः स्वैर्दिवानिशम्', आपापल्या पुरुषांनी स्त्रियांना रात्रंदिवस परतंत्र ठेवावं. शिवाय हे मत मनुस्मृतीने नव्याने काढलेलं नाही. 'पिता रक्षति कौमारे' हा श्लोक वसिष्ठ धर्मसूत्रातही आहे.

दोन्ही श्लोकांतली माणसं ताडून पाहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. ३.५५ मध्ये सन्मान कोणी करायचा? बाप, भाऊ, नवरा, दीर. ९.२ आणि ९.३ मध्ये ताब्यात कोणी ठेवायचं? बाप, नवरा, मुलगा. तीच माणसं, तेच घर. म्हणजे या दोन श्लोकांत विसंगती आहे ती आपल्या नजरेत. ग्रंथकाराला ती जाणवलेली नाही. त्याच्या लेखी ज्याच्या हातात बाई सोपवलेली आहे त्याने तिला सुखात ठेवावं आणि हाताबाहेर जाऊ देऊ नये, ही दोन्ही एकाच कर्तव्याची अंगं आहेत.

हे माझं अनुमान म्हणून सोडून देऊ नका. याचा साक्षीदार महाभारतात आहे. अनुशासनपर्वाच्या ४६ व्या अध्यायात भीष्म युधिष्ठिराला विवाहधर्म सांगतो. तो छोटासाच अध्याय आहे. सुरुवातीला भीष्म म्हणतो, जुन्या गोष्टी जाणणारे प्राचेतसाचं वचन सांगतात. आणि मग जवळजवळ मनुस्मृतीतलेच शब्द येतात: नातेवाईक काही घेत नाहीत तिथे विक्री होत नाही, ते कुमारींचं अर्हण. पुढे प्रचलित प्रतींत 'स्त्रियो यत्र च पूज्यन्ते रमन्ते तत्र देवताः' ही ओळ, मग सर्व क्रिया अफल होणं, मग जामींचा शोक आणि शापाने उजाड झालेली घरं. शुल्कापासून शापापर्यंतचा सगळा गुच्छ जसाच्या तसा. यावरून एवढं कळतं की हे श्लोक सुटे नव्हतेच, ते एकत्र बांधलेलेच पुढे येत राहिले.

आणि त्याच अध्यायात, काही श्लोक पुढे, बायकांना वेगळा यज्ञ नाही, श्राद्ध नाही, उपवास नाही, पतीची सेवा हाच त्यांचा धर्म, असं येतं. लगेच 'पिता रक्षति कौमारे' येतो, शेवटी 'न स्त्री स्वातन्त्र्यमर्हति' हेच शब्द. मनुस्मृतीत हे दोन श्लोक सहा अध्यायांच्या अंतराने आहेत. इथे ते एका बैठकीत, एकाच वक्त्याच्या तोंडी आहेत आणि ऐकणाऱ्या धर्मराजाला त्यात काही खटकलेलं नाही. अध्यायाच्या शेवटी भीष्म सांगतो की स्त्रिया म्हणजे लक्ष्मीच, ऐश्वर्य इच्छिणाऱ्याने त्यांचा सत्कार करावा. आणि 'लालिता निगृहीता च स्त्री श्रीर्भवति भारत', लाड केलेली आणि ताब्यात ठेवलेली स्त्री लक्ष्मी होते. लालिता आणि निगृहीता, दोन्ही शब्द एका ओळीत, मध्ये फक्त 'च'. 'यत्र नार्यस्तु' कोणत्या समजुतीतून आला हे याहून नेमकं सांगणारी ओळ मला माहीत नाही.

एक प्रश्न तरीही उरतो. सन्मान केला नाही तर देव रमणार नाहीत हे झालं. पण त्या बाईच्या हाती काही पडत होतं का? तिचं धन कोणी लाटलं तर? इथे तिसरा अध्याय सोडून व्यवहाराच्या अध्यायांत शिरावं लागतं, आणि तिथे भाषाच बदलते. ८.२८ आणि ८.२९ मध्ये वांझ किंवा मुलगा नसलेल्या, कुळात कोणी न उरलेल्या, पतिव्रता, विधवा आणि आजारी स्त्रियांच्या धनाचं रक्षण राजाने करावं असं सांगितलं आहे, आणि त्या जिवंत असताना त्यांचेच नातेवाईक ते हरण करतील तर धार्मिक राजाने त्यांना चोराचा दंड द्यावा. ३.५२ मध्ये अशा नातेवाइकांना फक्त अधोगतीची भीती घातली होती. इथे दंड आहे, आणि तो देणारा राजा आहे.

पण या हक्कालाही कुंपण आहे. ९.१९९ सांगतो की बायकांनी अनेकांच्या सामाईक कुटुंबधनातून पैसा बाजूला काढू नये, आणि स्वतःच्या धनातूनही नवऱ्याच्या आज्ञेशिवाय काढू नये. धन तिचं, परवानगी त्याची. मग ५५ आणि ५९ मध्ये 'पूजा' म्हणून तिला घालायला सांगितलेल्या दागिन्यांचं पुढे काय? नवरा वारला, वाटणी करायला दीर-पुतणे बसले, तर? लगेच पुढचा श्लोक, ९.२००, नेमका याचाच आहे: नवरा जिवंत असताना स्त्रियांनी जो अलंकार अंगावर घातला असेल तो वारसांनी आपसांत वाटून घेऊ नये, वाटून घेतील ते पतित होतात.